पन्नासावा कंटेनर गेला, आता कौतुक कोणाचं आणि कसं? (पॅकहाऊसवाल्यांचे नेहमीचे प्रश्न)

मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसचं ऑपरेशन बघतो. दरवर्षी मार्च उजाडला की ओळखीच्या दोन-चार पॅकहाऊसमधून फोन येतात, कोणाचा पंचविसावा कंटेनर गेलेला असतो कोणाचा शंभरावा, आणि प्रश्न ठरलेला, "भाऊ, ग्रुपवर आणि बोर्डावर काय लिहू, मागच्या वर्षी लिहिलं तर निम्मे लोक रुसले". म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरणं आमच्याच एका सीझनची आहेत, युरोपच्या मालाचे पन्नास कंटेनर. खरी नावं मी काढलीत आणि त्या जागी काम टाकलंय, पण तुमच्या मजकुरात मात्र नाव पाहिजेच, सगळा मुद्दाच तो आहे.

पन्नासावा कंटेनर गेटमधून बाहेर पडला, लगेच पोस्ट टाकू ना?

टाका, पण नक्की काय झालंय तेवढंच लिहा. इथेच पहिली गडबड होते. कंटेनर "गेला" आणि कंटेनर "क्लेम न होता पोचला" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उत्साहाच्या भरात लोक "पन्नास कंटेनर, एकही क्लेम नाही" असं लिहून मोकळे होतात. न्हावाशेवाहून युरोपला पूर्वी सुएझमधून तीन-चार आठवड्यात माल जायचा, २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून बऱ्याच लाईन्स आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या आणि वर दीड-दोन आठवडे वाढले. आमचा पन्नासावा निघाला त्या दिवशी तिकडचे अरायव्हलचे रिपोर्ट फक्त २३ चे आलेले होते, बाकीचे सगळे समुद्रावर किंवा पोर्टला.

म्हणजे त्या दिवशी प्रामाणिकपणे लिहिता येत होतं ते एवढंच, की पन्नास भरून गेले, रिपोर्ट आलेल्या २३ मध्ये क्लेम नाही, बाकीचं कळेल तेव्हा कळवू. कोणाला वाटेल की ह्याने मजा जाते. पण पंधरा दिवसांनी एखाद्या कंटेनरमध्ये देठ सुकले किंवा मणी गळाले म्हणून क्लेम आला, की ज्या क्यूसीच्या ताईंचं नाव तुम्ही "शून्य क्लेम"सोबत छापलंत त्यांनाच कँटीनमध्ये टोमणे ऐकावे लागतात. कौतुक केलं तुम्ही आणि भोगायचं त्यांनी, असं होतं.

"संपूर्ण टीमचे हार्दिक अभिनंदन" एवढं लिहिलं तर काय बिघडतं? कोणी दुखावणार तरी नाही.

दुखावतात, फक्त बोलत नाहीत. नाव न घेतलेलं श्रेय हवेत राहत नाही हो, ते जो समोर दिसतो त्याला जाऊन चिकटतं. फोटोत कंटेनरच्या दारापाशी कोण उभं असतं? शेठ, मॅनेजर, आणि नारळ फोडणारा. वाचणाऱ्याला वाटतं टीम म्हणजे हेच तिघं. आमच्याकडे एका पॅकिंगच्या ताईंनी मला सरळ विचारलं होतं, "सर, त्या टीममध्ये आम्ही आहोत का, का टीम ऑफिसात बसते?" मला काही बोलता आलं नाही.

उलट्या बाजूची चूकही तितकीच होते, एकाच माणसाला उचलून "ह्यांच्यामुळेच हे शक्य झालं". एका कंटेनरमध्ये वीस पॅलेट, बारा-साडेबारा टन माल, बागेतून तोडून, निवडून, पनेटमध्ये भरून, थंड करून, कागद जुळवून जातो, तो एका माणसामुळे जाईल कसा?

मग कोणी काय केलं हे शोधायचं कसं? मला तर सगळं आठवत नाही.

आठवणीवर जाऊच नका. आठवण दिवसपाळीची असते, ऑफिसजवळची असते आणि शेवटच्या पंधरा दिवसांची असते. जानेवारीत रात्री दोनला काय झालं ते मार्चमध्ये मॅनेजरला आठवत नाही, त्यातून तो तेव्हा घरी झोपलेला असतो.

मी आधी रजिस्टरं काढतो. प्रीकूलिंगचं टेम्परेचर रजिस्टर, क्यूसीच्या शीट्स, लोडिंगचा टॅली, गेटचं रजिस्टर, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचे रात्री अकरा ते पहाटे पाच मधले मेसेज. त्यात जिथे रोजच्यापेक्षा वेगळं काही दिसतं तिथे खूण करतो, उदाहरणार्थ रीडिंग दोनदा घेतलंय, लॉट होल्डवर टाकलाय, कंटेनर चार तास उशिरा सुटलाय. मग त्या पाळीतल्या लोकांना एकेकटं गाठून एकच प्रश्न विचारतो, "हा माल अडकला असता पण अडकला नाही, तेव्हा आधी कोणाच्या लक्षात आलं?" "चांगलं काम कोणी केलं" असं विचारलंत तर सगळे सुपरवायझरचं नाव घेतात, "आधी कोणाच्या लक्षात आलं" असं विचारलं की भलतंच नाव निघतं. रात्रपाळीला वेगळं विचारा आणि सुपरवायझर समोर नसताना विचारा.

एक केस सविस्तर सांगतो म्हणजे कळेल. एकतिसाव्या कंटेनरच्या मालाची गोष्ट ऑफिसात अशी फिरत होती की "ऑपरेटर दादांनी रात्रीत चेंबर दुरुस्त केला आणि कंटेनर वाचवला". गोष्ट खोटी नव्हती पण अर्धी होती. प्रीकूलिंगमध्ये द्राक्षाचं आतलं टेम्परेचर सहा ते आठ तासांत चार अंशाच्या खाली आणायचं असतं. त्यासाठी पॅलेटच्या दोन रांगांमध्ये बोळ ठेवून वरून आणि पुढून ताडपत्री टाकतात, म्हणजे फॅन हवा ओढतो तेव्हा ती बॉक्सच्या भोकांतून, घडांमधूनच यावी लागते. ताडपत्री सरकली की हवा सोप्या वाटेने, वरच्या फटीतून पळते, चेंबर थंड दाखवतो आणि माल मात्र गरमच राहतो. त्या रात्री पाच तासांनी सुद्धा बाहेरच्या बॉक्समध्ये सहा अंश आणि मधल्या बॉक्समध्ये तेरा अंश असं रीडिंग रजिस्टरमध्ये होतं. हे मधल्या बॉक्सचं रीडिंग घ्यायचा नियम आमच्याकडे तेव्हा नव्हता, सगळे कडेच्या बॉक्समध्ये प्रोब टोचून लिहायचे. मग हे घेतलं कोणी? अक्षर ऑपरेटरचं नव्हतं. विचारत गेलो तर कळलं की दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या हेल्परने घेतलं होतं, बॉक्सला हात लावल्यावर त्याला तो थंड लागेना, म्हणून पॅलेटवर चढून त्याने मधे प्रोब टोचला, आकडा लिहिला आणि ऑपरेटरला उठवलं. ऑपरेटर दादांनी सगळे पॅलेट बघून सरकलेली ताडपत्री शोधली, नीट बांधली, आणि बाहेरच्या मालाचा देठ सुकू नये म्हणून दर अर्ध्या तासाला रीडिंग घेत पहाटेपर्यंत थांबले.

म्हणजे श्रेय दोघांचं, पण एकाच क्रियापदात नाही. एकाने ओळखलं, दुसऱ्याने सुधारलं. "दोघांनी मिळून कंटेनर वाचवला" असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्यांनी हेल्परला हाताखालचा समजून सोडून दिलं असतं.

तयार मजकूर दाखवा की, असं तोंडी कळत नाही.

आमचा आधीच्या वर्षीचा मजकूर असा होता, मीच लिहिलेला, हसू नका:

"आज आपल्या पॅकहाऊसने यशस्वीरीत्या टप्पा पार केला. शेठ यांचे मार्गदर्शन व मॅनेजर साहेबांचे अथक परिश्रम यामुळे हे शक्य झाले. संपूर्ण टीमचे हार्दिक अभिनंदन!"

आणि पन्नासाव्याला जे गेलं ते साधारण असं, जिथे काम लिहिलंय तिथे खऱ्यात नाव होतं:

"काल रात्री साडेअकराला आपला ह्या सीझनचा ५० वा कंटेनर निघाला. पहिल्या २३ चे रिपोर्ट आलेत, त्यात क्लेम नाही, बाकीचे येतील तसे बोर्डावर लावू. फेब्रुवारीत लाईन २ च्या क्यूसी ताईंनी एक लॉट मणी तडकलेले दिसले म्हणून होल्ड केला, गाडी थांबली तरी सही केली नाही, आणि लाईन २ च्या सगळ्या जणींनी तो माल कात्री लावून पुन्हा निवडला. ३१ व्या कंटेनरचा माल आतून थंड होत नाहीये हे हेल्परने ओळखलं, ऑपरेटर दादांनी कारण शोधून रात्रीत सुधारलं, आता मधल्या बॉक्सचं रीडिंग घ्यायचं हा आपला नियम झालाय. बॉक्सच्या लेबलवरचा प्लॉट नंबर आणि तोडणीची चिठ्ठी जुळत नाही हे डॉक्युमेंटवाल्या दादांनी लोडिंगच्या आधी पकडलं. चेंबर १ वर पूर्ण सीझन काहीच घडलं नाही, ते सांभाळणाऱ्या दोघांची नावं म्हणूनच इथे आहेत. सगळ्यांची पूर्ण यादी बोर्डावर लावलीय, कोणाचं राहिलं असेल तर आजच सांगा."

बघा, "अथक", "मोलाचे", "सिंहाचा वाटा" असला एकही शब्द नाही. माणसाने काय केलं आणि त्याने काय झालं, एवढंच. विशेषणं लावली की लोक एकमेकांची विशेषणं मोजतात, हिला "मोलाचे" आणि मला नुसते "चांगले" का. कामं लिहिली की ती मोजता येत नाहीत, कारण ती एकसारखी नसतातच.

चेंबर १ वर काही घडलंच नाही तर नाव कशाला?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच, आणि तो फार कमी लोक विचारतात. जाहीर कौतुक नेहमी आग विझवणाऱ्याच्या वाट्याला येतं, आणि ज्याच्याकडे आग लागलीच नाही तो विसरला जातो. आमच्या चेंबर १ वाल्यांची ताडपत्री कधी सरकली नाही कारण ते प्रत्येक भरणीला खाली वाळूच्या पिशव्या ठेवायचे आणि मग दार लावायचे, वीस मिनिटं जास्त जायची आणि लोडिंगवाले ओरडायचे. ही गोष्ट कुठल्या रजिस्टरमध्ये नसते. ती शोधायची असेल तर उलटं बघायचं, कोणाच्या नावापुढे अख्ख्या सीझनमध्ये एकही खूण नाही, आणि मग जाऊन बघायचं की तो वेगळं काय करतो. कधी कधी काहीच वेगळं नसतं, नशीब असतं, तेव्हा उगाच कौतुक रचू नका, यादीत नाव पुरे.

वाचवणाऱ्याचं कौतुक केलं की चूक करणारा आपोआप उघडा पडतो, त्याचं काय?

परिस्थिती लिहा, माणूस लिहू नका. "ताडपत्री सरकली होती" एवढं पुरतं, ती कोणी नीट बांधली नव्हती हे सगळ्या पाळीला माहीत असतंच, बोर्डावर कशाला. शेतकऱ्याच्या बाबतीत तर दुप्पट जपा, होल्ड केलेला लॉट कोणत्या गावचा, कोणत्या प्लॉटचा, हे कौतुकाच्या मजकुरात अजिबात यायला नको. निफाड-दिंडोरीत बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते आणि पुढच्या वर्षी तो माणूस माल दुसरीकडे घालतो. खरेदीदाराचं नाव आणि रेट पण नको. आणि एक चाचणी मी करतो, मजकूर तयार झाला की ज्याची चूक होती त्याच्या जागी बसून वाचतो, आपल्याला त्यात आपण दिसतोय का. दिसलो तर वाक्य बदलतो, आणि बदलूनही दिसत असेल तर ते कौतुक जाहीर न करता समोर बोलावून करतो.

लाईनवर ऐंशी-नव्वद बायका आहेत, सगळ्यांची नावं लिहायची?

हो, पण मेसेजमध्ये नाही, बोर्डावर. मेसेजमध्ये नव्वद नावं कोणी वाचत नाही, पण बोर्डावर प्रत्येक जण आपलं नाव शोधायला येतोच येतो, मी बघितलंय, बोटाने एकेक ओळ खाली सरकवत शोधतात.

इथे दोन खड्डे आहेत. एक म्हणजे यादी ठेकेदाराच्या मस्टरवरून उतरवायची नाही. मस्टरवर जी नावं असतात ती आणि रोज येणाऱ्या बायका ह्यात फरक असतो, बहिणीच्या जागी बहीण येते, नाव अर्धवट असतं, आडनाव चुकलेलं असतं. लाईनच्या मुकादम ताईंना घेऊन बसा आणि प्रत्येकीला विचारा, "बोर्डावर नाव कसं लिहू?" कोणी माहेरचं सांगतात, कोणी नुसतं पहिलं, कोणी म्हणतात मुलाच्या शाळेत लिहिलंय तसं लिहा. सांगतील तसंच लिहा. ठेकेदाराची माणसं आणि कंपनीची माणसं असे दोन रकाने करू नका, माल दोघांच्या हातून एकाच पनेटमध्ये गेलाय.

दुसरा खड्डा तारखेचा. पेठ-सुरगाण्याकडची बरीच मंडळी माल कमी झाला की गावी जातात, आणि आपण कार्यक्रम ठेवतो सीझन संपल्यावर, म्हणजे टाळ्या वाजवायला उरतात ऑफिसवाले. ते जायच्या आधी नावं वाचा, मिसळ-पाव तेव्हाच करा, शेठचा सत्कार नंतर झाला तरी चालतो, ते कुठे पळून जात नाहीत.

नावांचा क्रम कसा लावायचा? वर-खाली झालं की भांडणं होतात.

माल ज्या क्रमाने फिरतो त्या क्रमाने. तोडणी, रिसीव्हिंग, लाईन, क्यूसी, प्रीकूलिंग, कोल्ड, लोडिंग, कागदपत्रं, आणि शेवटी ऑफिस. हुद्द्याने लावलं की मॅनेजर पहिला येतो, आणि "ज्याचं योगदान जास्त तो वर" असं केलंत तर पुढचा महिनाभर तेवढंच काम राहील. प्रत्येक विभागात अकारविल्हे.

जास्तीत जास्त पनेट भरणारीला "बेस्ट पॅकर" म्हणून जाहीर करू का? आकडा तर तयार आहे.

मी नाही करणार. आकडा खरा असतो पण तो लॉटचा असतो, माणसाचा नसतो. मोठ्या, एकसारख्या मण्यांचा माल ज्या लाईनला आला तिथे हात भराभर चालतो, आणि ज्या ताईंकडे मुद्दाम अवघड घड देतात, कारण त्यांचा हात चांगला, त्या दिवसाला कमी भरतात. आम्ही एकदा केलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून लाईनवर खराब घड शेजारणीकडे सरकवणं सुरू झालं. आकडा द्यायचाच तर पूर्ण लाईनचा द्या, आणि माल कसा होता तेही लिहा.

क्यूसीने लॉट होल्ड केला तो शेठच्याच पाहुण्यांचा होता. हे कौतुक जाहीर करायचं का?

करायचं, पण आधी त्या क्यूसी ताईंना विचारून. तुम्हाला ते धाडस वाटतंय, पण उद्या त्याच पाहुण्यांसमोर उभं राहायचंय त्यांना. आमच्या ताई म्हणाल्या, "नाव घाला, पण फक्त तडकलेल्या मण्यांबद्दल लिहा, मी कोणाला नडले असं नका लिहू." आणि बरोबर होतं ते, त्यांनी मण्यांमुळेच थांबवला होता.

एखादा म्हणतो माझं नावच नको.

नको तर नको. काम लिहा आणि "रात्रपाळीतल्या एका सहकाऱ्याने" म्हणा. कारण खोदून विचारू नका, कोणाच्या घरी रात्रपाळी माहीत नसते, कोणाची वसुली मागे लागलेली असते. मेसेज फिरत फिरत कुठे जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ज्यांचं नाव मेसेजमध्ये घालताय त्यांना आधी त्यांच्याबद्दलचं वाक्य वाचून दाखवा. त्यात चुकाही सापडतात. लेबलची चूक मी पकडली नाही, मला लोडिंगच्या मुलाने दाखवली, असं आमच्या डॉक्युमेंटवाल्या दादांनी स्वतःच सांगितलं, तेव्हा मजकूर आधीच छापायला गेला होता.

मग तेव्हा काय केलंत? नाव राहिलं किंवा श्रेय चुकीच्या माणसाला गेलं तर?

मी तेव्हा चुकीचं केलं. लोडिंगच्या मुलाला बाजूला घेऊन सॉरी म्हटलं, पाठीवर थाप मारली, आणि मला वाटलं झालं. त्याने सीझन संपेपर्यंत एकही गोष्ट मला आणून दाखवली नाही. चूक जाहीर झाली असेल तर दुरुस्तीही जाहीरच पाहिजे, त्याच ग्रुपवर, त्याच बोर्डावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणि चोवीस तासांच्या आत. मजकूर सरळ ठेवा: "काल लिहिताना माझी चूक झाली, लेबलचा फरक लोडिंगच्या अमुकने दाखवला आणि डॉक्युमेंटच्या तमुकने तपासून लोडिंग थांबवलं." "गैरसमज झाला", "नजरचुकीने" असलं गुळमुळीत नको, आणि ज्याला आधी श्रेय गेलं होतं त्याच्याकडून काढून घेतल्यासारखंही वाटायला नको, त्याने जे केलं ते त्याच वाक्यात राहू द्या. जुना मेसेज डिलीट करू नका, लोकांनी तो वाचलेला असतो.

आम्ही शेवटी ते केलं, पण तीन आठवड्यांनी, आणि तोपर्यंत तो मुलगा गावी गेला होता. त्याला मी बोर्डाचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

सीझनच्या मधेच सोडून गेलेल्याचं नाव घ्यायचं?

पन्नासापैकी तीस त्याच्या हातून गेले असतील तर घ्यायचं, "पहिले तीस कंटेनर अमुक यांनी भरले" असं. तो शेजारच्या पॅकहाऊसला गेला म्हणून तीस काही कमी होत नाहीत.

आणि शेठचं नाव? ते नाही घातलं तर माझीच नोकरी जाईल.

घाला हो, पण त्यांनाही तोच नियम, काय केलं ते लिहा. आमच्या शेठनी क्यूसीचा लॉट होल्ड झाला तेव्हा पाहुण्यांचा फोन आला तरी "ताईंची सही नाही तर गाडी नाही" एवढं म्हटलं होतं. ते वाक्य घालू का विचारलं तर आधी नको म्हणाले, पाहुण्यांना झोंबेल म्हणून. शेवटी यादीत त्यांचं नाव ऑफिसच्या रकान्यात आलं, अकारविल्हे, अकाउंटच्या मॅडमच्या खाली. बोर्डासमोर दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "माझं नाव शोधायला बराच वेळ लागला रे."